पाऊस मोजायला नऊ हजार आठशे: पालक-शिक्षक संघाकडे निधी मागणारं पत्र कसं लिहावं

मी आठवीला विज्ञान शिकवते. माझ्या पहिल्या पत्राचा निकाल असा लागला : मागितले पंधरा हजार, मंजूर झाले पाच हजार, आणि ते हातात पडले ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. प्रकल्प पावसाचा होता. तोवर पुण्याचा जुलै निघून गेला होता आणि पाच हजारांत नेमकं काय घ्यायचं ते मलाही सांगता येईना, कारण पत्रात मी एकच ओळ लिहिली होती : ‘विज्ञान प्रकल्पासाठी साहित्य व इतर खर्च, रु. १५,०००’. समितीतले पालक कंजूष नव्हते. कशाला हो म्हणायचं, हेच त्यांना पत्रातून कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी तोच प्रकल्प मी पुन्हा मागितला. ९,८०० रुपये मागितले आणि पूर्ण मिळाले. ते पत्र, त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला आणि तो का टिकला, हे इथे क्रमाने सांगते.

आधी प्रकल्प एका वाक्यात बसवा

कागद घेण्याआधी एक वाक्य तयार पाहिजे. त्यात काय मोजणार, कोण मोजणार, कुठे आणि किती दिवस, एवढं यायला हवं. माझं वाक्य असं होतं : ‘आठवीचे २४ विद्यार्थी जून ते सप्टेंबर रोज सकाळी साडेआठला आपापल्या घरी पाऊस मोजतील आणि पुण्यात एकाच दिवशी कुठे किती पडला याचा नकाशा वर्गात भरतील.’

हे वाक्य पुण्यातल्या पालकाला लगेच पटतं. वारज्यात धो धो आणि हडपसरला रस्ता कोरडा, हे त्याने बाइकवरून स्वतः पाहिलेलं असतं. शहराच्या पश्चिमेला घाट आहे, मुळशी-ताम्हिणीकडे वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो आणि पूर्वेकडे सरकावं तसा तो कमी होत जातो. शिवाजीनगरच्या वेधशाळेची वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पण ‘पुण्यात आज इतका पाऊस’ असं बातमीत येतं ते शहरातल्या मोजक्या ठिकाणांचं असतं. आमच्या वर्गातली मुलं कोथरूड, धायरी, बिबवेवाडी, विश्रांतवाडी, औंध अशी सगळीकडून येतात. पेठेतल्या शाळेची ही एरवीची अडचण या प्रकल्पात कामाला आली.

साडेआठच का, असं एका सदस्याने विचारलंच. भारतीय हवामान विभाग चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजून लिहितो. आपण नऊला मोजलं तर आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येत नाही. आमची शाळा दुपारची असल्याने हे जमलं. सकाळच्या शाळेने अशीच मागणी केली असती, तर आजी-आजोबांपैकी कोणी नोंद घेईल का हे आधी विचारून पत्रात लिहावं लागलं असतं.

पत्र कोणाच्या नावे आणि केव्हा

खासगी शाळांमध्ये पालक-शिक्षक संघाची रचना महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ प्रमाणे असते. कार्यकारी समितीचे अध्यक्ष म्हणजे मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांमधून, सचिव शिक्षकांमधून. त्यामुळे गंमत अशी होते की ‘मा. अध्यक्ष, पालक-शिक्षक संघ’ असा मायना घालून ‘मा. मुख्याध्यापकांमार्फत’ पाठवलेलं पत्र एकाच टेबलावरून निघून त्याच टेबलावर येतं. माझं पहिलं पत्र तिथेच तीन आठवडे पडून होतं. दुसऱ्या वेळी मी ‘मा. उपाध्यक्ष व सर्व सदस्य, कार्यकारी समिती’ असा मायना घातला, मुख्याध्यापिका बाईंची सही ‘मार्फत’ खाली घेतली, आणि ऑफिसात आवक क्रमांक टाकून एक प्रत स्वतःकडे ठेवली. महापालिकेच्या शाळेत हेच पत्र शाळा व्यवस्थापन समितीला जाईल. तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. मजकूर तोच ठेवला तरी चालतं.

केव्हा द्यायचं याला तर मी मायन्याहूनही जास्त महत्त्व देते. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. नवा संघ बसणार, मग पहिली सभा, मग ठराव, मग चेक. पाऊस काही ठरावासाठी थांबत नाही. पावसाळ्याशी बांधलेल्या कोणत्याही प्रकल्पाचं पत्र आधीच्या शैक्षणिक वर्षाच्या फेब्रुवारीत गेलं पाहिजे, म्हणजे मार्चच्या सभेत ठराव होतो आणि एप्रिलमध्ये खरेदी. अडचण एकच. फेब्रुवारीत समितीवर असलेल्या काही पालकांची मुलं दहावीतून बाहेर पडणार असतात. त्यांना ‘आमच्या मुलांना याचा काय उपयोग’ असं वाटणं स्वाभाविक आहे. म्हणून साहित्य शाळेत राहणार आणि पुढची किती वर्षं वापरणार, हे पत्रात ठळक यावं लागतं.

आकडे कुठून आणायचे

अंदाजपत्रक घरी बसून लिहू नये. घरचा मापक म्हणजे बाटलीच्या तोंडावर बसवलेलं नरसाळं. त्याच्या सामानासाठी मी दोन शनिवार दुपारी रविवार पेठेत बोहरी आळीत फिरले. तिथे नरसाळं पस्तीस रुपयांना मिळालं, आणि एक गोष्ट अशी कळली जी घरी बसून कळली नसती.

दुकानदार ‘चार इंची’ म्हणून देतो ते नरसाळं बाहेरच्या काठापासून चार इंच असतं. पाऊस आत पडतो तो आतल्या काठाच्या मापाने. मी पट्टी लावली तर एकाचं तोंड आतून १० सेंमी, दुसऱ्याचं ९.६ सेंमी. फरक चार मिलिमीटरचा, पण क्षेत्रफळात तो आठ टक्क्यांचा होतो. म्हणजे वारजे आणि हडपसर यांच्यातला फरक पावसाचा की नरसाळ्याचा, हे सांगताच येणार नाही. त्यामुळे सगळी नरसाळी एकाच मालातली, आतून बरोबर १० सेंमी, आणि उतार खोल असलेली हवीत. उथळ नरसाळ्यातून जोराच्या सरीत थेंब बाहेर उडतात.

आता गणित. आतला व्यास १० सेंमी म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंमी. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर बाटलीत ७.८५ मिली पाणी जमतं. मुलाने पाणी मिलिलिटरमध्ये मोजायचं आणि ७.८५ ने भागायचं, की पाऊस मिलिमीटरमध्ये मिळाला. हवामान विभाग २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतो. आपल्या बाटलीत तेवढ्या पावसाचं पाणी होतं जेमतेम २० मिली, म्हणजे चार चमचे. स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यात २० मिली धड दिसतही नाही. अंदाजपत्रकातल्या मोजपात्रांवरच्या २,३४० रुपयांचं समर्थन एवढंच आहे, आणि सभेत ते मी तोंडी न सांगता पाणी ओतून दाखवलं.

बाटली किती मोठी हवी, हेही याच गणितातून निघतं. एक लिटरची बाटली १२७ मिलिमीटरला भरते. पुण्यात एका दिवसात शंभरच्या वर गेल्याची उदाहरणं आहेत. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तो दिवस मुलांना चांगला आठवतो. ज्या दिवसाची नोंद सगळ्यात मोलाची, त्याच दिवशी बाटली भरून पाणी बाहेर सांडलं तर काय उपयोग? दोन लिटरची बाटली अडीचशे मिलिमीटरपर्यंत पुरते. ती शीतपेयाची रिकामी बाटली मुलं घरून आणतात, त्यामुळे खर्च शून्य. पण शून्याची ओळही अंदाजपत्रकात लिहायची. घरचा वाटा किती आहे ते समितीला दिसतं आणि ‘बाटल्यांचं काय?’ हा प्रश्न येत नाही.

महाग वस्तू एकच : शाळेच्या मैदानावरचा प्रमाणित पर्जन्यमापक, ४,२०० रुपये. खरं सांगायचं तर मी तो काढून टाकायच्या बेतात होते. पण घरच्या चोवीस मापकांवर विश्वास का ठेवायचा, याचं उत्तर त्याच्याशिवाय मिळत नाही. त्याच्या शेजारी आपलाच एक नरसाळं-बाटलीवाला मापक ठेवायचा आणि दोन्हींचे आकडे रोज शेजारी शेजारी लिहायचे. घरचा मापक सातत्याने थोडा कमी दाखवत असेल, तर किती कमी ते त्यावरून कळतं. म्हणूनच नरसाळी २६ आहेत : २४ घरं, एक शाळेत शेजारी ठेवायला, एक फुटलं तर बदलायला. पत्रात हे लिहिलं नाही तर कोणीतरी ‘मुलं चोवीस आणि नरसाळी सव्वीस कशी?’ म्हणतंच, आणि तेवढ्यावरून बाकीच्या आकड्यांवरही शंका येते.

लेखी दरपत्रक मी दोन दुकानांचं घेतलं, फक्त मोजपात्रं आणि पर्जन्यमापकासाठी. पस्तीस रुपयांच्या नरसाळ्यासाठी तीन दरपत्रकं जमवणं म्हणजे पोरखेळ. मात्र दरपत्रकावर दोन गोष्टी लिहून घ्याव्यात. दर जीएसटी धरून आहे की वगळून, आणि तो कोणत्या तारखेपर्यंत चालेल. साधारणपणे दुकानदार महिन्याभराची मुदत लिहितो. आपली सभा मार्चमध्ये आणि खरेदी एप्रिलमध्ये, म्हणून मी ‘३० एप्रिलपर्यंत ग्राह्य’ असं लिहून घेतलं. पहिल्या वर्षी जीएसटी धरायचं राहिलं होतं. तो भुर्दंड मी खिशातून भरला आणि कोणाला सांगितलंही नाही.

पत्र

शाळेचं आणि माझं नाव वगळून पत्र जसंच्या तसं देते.

> दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६
>
> प्रति,
> मा. उपाध्यक्ष व सर्व सदस्य,
> कार्यकारी समिती, पालक-शिक्षक संघ,
> …………… विद्यालय, पुणे
>
> मार्फत : मा. मुख्याध्यापिका
>
> विषय : इयत्ता आठवीच्या ‘आपल्या पुण्याचा पाऊस’ या प्रकल्पासाठी रु. ९,८०० निधी मंजूर करण्याबाबत.
>
> महोदय / महोदया,
>
> येत्या पावसाळ्यात आठवीचे २४ विद्यार्थी जून ते सप्टेंबर २०२६ या काळात रोज सकाळी ८.३० वाजता आपापल्या घरी पाऊस मोजणार आहेत. शहराच्या वेगवेगळ्या भागांतील या नोंदींवरून एकाच दिवशी कोठे किती पाऊस झाला, याचा नकाशा वर्गात तयार होईल. शाळेच्या मैदानावर एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवून घरच्या नोंदींची अचूकता तपासली जाईल.
>
> विद्यार्थ्यांची निवड गुणांवर नसून राहत्या भागानुसार केली जाईल. नोंदींचा वापर आठवीच्या सर्व तुकड्यांना भूगोल व गणिताच्या तासाला होईल. ज्यांच्या घरी गच्ची अथवा मोकळी जागा नाही, ते विद्यार्थी शाळेतील पर्जन्यमापकाची नोंद आळीपाळीने घेतील.
>
> प्रकल्पाचा एकूण खर्च रु. १०,६९० आहे. पैकी चौथरा व नोंदतक्ते यांचा रु. ८९० खर्च शाळा सादिल खर्चातून करणार आहे. उर्वरित रु. ९,८०० संघाने मंजूर करावेत, ही विनंती. तपशील सोबतच्या अंदाजपत्रकात दिला आहे.
>
> पूर्ण रक्कम देणे शक्य नसल्यास भाग ‘अ’ (रु. ३,५००) प्रथम मंजूर करावा. तेवढ्यावर घरच्या नोंदी सुरू होऊ शकतात. त्यानंतर भाग ‘ब’ व शेवटी भाग ‘क’ विचारात घ्यावा.
>
> मोजपात्रे, नरसाळी व पर्जन्यमापक शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवून ऑक्टोबरमध्ये प्रयोगशाळेत जमा केले जातील व पुढील वर्षी आठवीच्या नव्या वर्गाला दिले जातील. पुढील वर्षी फक्त फुटतूट व प्रवासखर्च लागेल.
>
> पावसाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने खरेदी ३० एप्रिलपूर्वी होणे आवश्यक आहे. खर्चाची मूळ बिले व हिशेब १५ जुलैपर्यंत आणि शिल्लक रक्कम ३१ ऑक्टोबरपर्यंत संघाकडे सादर करीन.
>
> आपली विश्वासू,
> ……………
> विज्ञान शिक्षिका, इयत्ता आठवी
>
> सोबत : १) अंदाजपत्रक २) दोन दुकानांची दरपत्रके ३) पालक संमतिपत्राचा नमुना

अंदाजपत्रक वेगळ्या कागदावर घेतलं, म्हणजे सभेत पत्र एकाच्या हातात आणि आकडे दुसऱ्याच्या हातात राहतात.

| भाग | बाब | नग | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|---|
| अ | नरसाळे, आतील व्यास १० सेंमी (२४ घरे + १ शाळा + १ राखीव) | २६ | ३५ | ९१० |
| अ | प्लास्टिक मोजपात्र, १०० मिली | २६ | ९० | २,३४० |
| अ | तार व चिकटपट्टी | एकत्रित | – | २५० |
| अ | २ लिटरची रिकामी बाटली, रंगाचा जुना डबा (विद्यार्थी आणतील) | २५ | ० | ० |
| | भाग अ एकूण | | | ३,५०० |
| ब | प्रमाणित पर्जन्यमापक, मोजनळीसह | १ | ४,२०० | ४,२०० |
| क | पुण्याचा नकाशा, फ्लेक्स, ६ × ४ फूट | २४ चौ. फूट | २५ | ६०० |
| क | वेधशाळा भेट, बस भाडे जाऊन-येऊन | २६ जण | ४० | १,०४० |
| | भाग क एकूण | | | १,६४० |
| | अ + ब + क | | | ९,३४० |
| | आकस्मिक (सुमारे ५ टक्के) | | | ४६० |
| | संघाकडे मागणी | | | ९,८०० |
| शाळा | चौथरा, सिमेंट-विटा | – | – | ६५० |
| शाळा | नोंदतक्त्यांच्या झेरॉक्स | १२० | २ | २४० |
| | प्रकल्पाचा एकूण खर्च | | | १०,६९० |

या पत्रात काय मुद्दाम केलं आहे

अ, ब, क हे भाग सगळ्यात उपयोगी ठरले. समितीचा हात कात्रीकडे जातोच, तो त्यांचा अधिकार आहे. पण कुठे कापायचं हे आपण सांगितलं नसेल तर ते सरसकट निम्मं करतात. निम्म्या पैशांत निम्मा पर्जन्यमापक येत नाही. भाग पाडताना एकच कसोटी लावावी : पुढचे भाग मिळालेच नाहीत तरी हा भाग एकटा चालेल का? भाग अ चालतो. भाग क एकटा मिळाला तर आम्ही कोरा नकाशा घेऊन वेधशाळेची सहल करून आलो असतो.

आकस्मिक खर्च पाच टक्के धरला. आधीच्या पत्रातल्या त्या एका ओळीत ‘इतर खर्च’ हे शब्द होते आणि पहिला लाल गोल त्यांनाच पडला. ‘इतर’ या शब्दात काहीही मावतं, म्हणून तो कोणालाच आवडत नाही. बेरजा मात्र जास्त गोल करू नयेत. ९,३४० हा आकडा दुकानात जाऊन आल्यासारखा दिसतो, दहा हजार मात्र घरी बसून ठरवल्यासारखे.

एक गोष्ट मी पत्रातून खोडली. आधी लिहिलं होतं, ‘म्हणजे प्रति विद्यार्थी फक्त ४०८ रुपये’. सचिव असलेल्या सहकारी सरांनी वाचून सांगितलं, ‘‘बाई, हे वाक्य काढा. सभेत कोणीतरी म्हणेल, चारशेच रुपये आहेत ना, मग त्या चोवीस पालकांकडूनच घ्या.’’ बरोबर होतं त्यांचं. तसं झालं असतं तर निवड राहत्या भागावर झालीच नसती, ज्यांना चारशे परवडतात त्यांची झाली असती.

शाळेचे ८९० रुपयेही विचार करूनच दाखवले. रक्कम छोटी आहे, पण ‘शाळा काय देते?’ हा प्रश्न हमखास येतो. पर्जन्यमापकाच्या चौथऱ्यासाठी मुख्याध्यापिका बाईंची तोंडी परवानगी मी पत्राआधी घेतली होती. विचारल्याशिवाय शाळेच्या नावावर खर्च टाकू नये, सभेत अध्यक्षांच्या खुर्चीत त्याच बसलेल्या असतात.

सभेत

मला सात-आठ मिनिटं मिळाली. भाषण केलं नाही. एक नरसाळं, बाटली, मोजपात्र आणि पाण्याचा तांब्या घेऊन गेले. उपाध्यक्षांच्या हातात नरसाळं दिलं, दुसऱ्या एका आईने वरून पाणी ओतलं, मोजपात्रात ४७ मिली आलं. ‘‘भागिले ७.८५.’’ कोणीतरी मोबाइल काढला. जवळजवळ सहा मिलिमीटर. ‘‘पेपरात येतो तो हाच आकडा?’’ असं विचारणारे काका संपूर्ण सभेत त्याआधी काही बोलले नव्हते.

पैशांपेक्षा जास्त चर्चा गच्चीवर झाली. ‘‘मूल पावसात गच्चीवर एकटं जाणार?’’ हा प्रश्न मी अपेक्षित धरायला हवा होता, पण सुदैवाने संमतिपत्राचा नमुना सोबत होता. त्यात लिहिलं होतं की मापक कठड्यावर ठेवायचा नाही, गच्चीच्या मध्याकडे जमिनीवर, वाळू भरलेल्या डब्यात बाटली उभी करायची. मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय जायचं नाही आणि विजा कडाडत असतील तर नोंद उशिरा घेतली तरी चालेल, फक्त वेळ लिहायची. कठड्यापासून दूर ठेवण्याला विज्ञानाचं कारणही आहे. शेजारी भिंत, टाकी किंवा झाड असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर मापक हवा, नाहीतर तिरपा पाऊस अडतो आणि आकडा कमी येतो. चार फुटी कठड्यापासून आठ फूट दूर. पालकांची सुरक्षितता आणि आमची अचूकता एकाच जागी सापडली, असं क्वचित होतं.

सोसायटीच्या गच्चीची किल्ली हा दुसरा गुंता. बऱ्याच सोसायट्यांत ती चेअरमनकडे असते. एका पालकांनी सुचवलं की शाळेच्या लेटरहेडवर सोसायटीला एक छोटं विनंतीपत्र द्या. ते आम्ही दिलं, आणि ते अंदाजपत्रकात कुठेच नव्हतं, कारण त्याला पैसे लागत नव्हते.

ठराव होताना सूचक, अनुमोदक, रक्कम आणि भाग हे इतिवृत्तात नीट उतरलेत का, ते त्याच वेळी पाहावं. ‘प्रकल्पास मदत करण्याचे ठरले’ एवढंच लिहिलं गेलं तर चेकवर सही करणारा पुन्हा विचारायला येतो. मी सचिव सरांना वाक्य लिहूनच दिलं होतं : ‘इयत्ता आठवीच्या पाऊस प्रकल्पासाठी भाग अ, ब व क मिळून आकस्मिकसह रु. ९,८०० मंजूर, खरेदी ३० एप्रिलपूर्वी.’

पैसे मिळाल्यावर

मोठ्या वस्तूंचे, म्हणजे मोजपात्रं आणि पर्जन्यमापकाचे, चेक थेट दुकानाच्या नावे घेतले. किरकोळ खर्चासाठी उचल घेतली. बिल ‘पालक-शिक्षक संघ, अमुक विद्यालय’ या नावाने हवं, आपल्या नावाने नको. बोहरी आळीत दुकानदार सवयीने पांढऱ्या चिठ्ठीवर बेरीज मारून देतो. आधीच सांगितलं तर पक्कं बिल देतो, पण माल पिशवीत भरल्यावर मागितलं तर चेहरा पाहण्यासारखा होतो.

आमचा प्रत्यक्ष खर्च असा झाला. नरसाळी पस्तीसऐवजी अडतीसला पडली, कारण आतून बरोबर १० सेंमीची हवी म्हणून दुसऱ्या दुकानातून घ्यावी लागली. ७८ रुपये जास्त. नोंदी सुरू झाल्यावर दोन मोजपात्रं तडकली, एक राखीव होतं, एक नवीन घेतलं, ९० रुपये. एका सोसायटीत वाळूचा डबा कोणीतरी कुंडी समजून उचलून नेला, त्याच्याबरोबर नरसाळंही गेलं. ते राखीवातून दिलं, खर्च काही नाही. दोन मुलं भेटीच्या दिवशी आजारी होती, त्यामुळे प्रवासाचे ८० रुपये वाचले. बाकी सगळं अंदाजाप्रमाणे. म्हणजे ९,३४० अधिक ७८ अधिक ९० उणे ८०, एकूण ९,४२८. शिल्लक ३७२ रुपये.

जुलैचा हिशेब बिलं जोडून एका पानावर दिला. त्यात अंदाजपत्रकाचाच तक्ता घेतला आणि शेजारी ‘प्रत्यक्ष खर्च’ असा एक रकाना वाढवला. ओळींचा क्रम बदलला नाही. क्रम बदलला की वाचणारा ताडून बघायचं सोडून शोधाशोध करत बसतो. कुंडी समजून नेलेल्या डब्याची ओळही त्यात होती.

३७२ रुपये ऑक्टोबरमध्ये लिफाफ्यात घालून सचिव सरांकडे दिले आणि पावती घेतली. ते म्हणाले, ‘‘बाई, संघाला पैसे परत आल्याची पावती कुठल्या पुस्तकात फाडायची, ते मला बघायला लागेल.’’